नाही म्हणायला जळगावला

आमच्या घरात कुणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. मला स्थळं यायची तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकामागून एक सगळी परतवली, कारण मला आधी शिकायचं होतं आणि नंतर नोकरी करायची होती. पण सांगताना प्रत्येक वेळी एकच वाक्य : “पत्रिका जुळत नाही हो.” गंमत म्हणजे माझी पत्रिका कुणी कधी काढलेलीच नव्हती. समोरच्यांनाही ते समजायचं. तेही “असो, योग नव्हता” म्हणत चहा संपवायचे आणि उठायचे. नाना म्हणायचे, खरं कारण सांगितलं की माणूस दुखावतो, आणि साक्रीच्या बाजारात तोच माणूस पुढच्या आठवड्यात समोर उभा राहतो.

मी तोंडाची फटकळ, पण नकाराच्या बाबतीत थेट नानांवर गेलेली. त्यांच्याच पद्धतीनं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नोकरी नाकारायला निघाले आणि तिथं माती खाल्ली. लग्नात पत्रिका जुळत नाही म्हटलं की विषय संपतो. ती जुळवून आणायला कुणी बसत नाही. नोकरीत तसं नसतं. तुम्ही अडचण सांगितली की समोरचं माणूस ती दूर करायला लागतं. हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, दवाखान्यात, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. आत आई होती. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा तिला मशीनला लावायचे. चार तास मशीनवर, त्याच्या आधी आणि नंतरचा वेळ वेगळा. घरी आणल्यावर ती उन्हात विसरलेल्या पालेभाजीसारखी पडून असायची. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस आमच्या कॅलेंडरात नव्हतेच.

मॅडम म्हणजे माझ्या पहिल्या साहेब. जळगावच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. केळीच्या कंदातून कोंबाचा इवलासा तुकडा काढायचा, तो बाटलीत खाद्याच्या जेलीवर वाढवायचा, एकाचे दोन, दोनाचे चार असं करत न्यायचं आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात एकसारखी, निरोगी रोपं द्यायची, हे आमचं काम. ऐकायला सोपं आहे. बाटलीत बुरशीचा एक कण शिरला की ती बाटली गेली, आणि तो कुठून शिरला हे सापडलं नाही तर सगळी खोली गेली. पहिल्या महिन्यात माझ्या निम्म्या बाटल्या नासल्या तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन रडत होते. मॅडम आल्या, माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, “रडून काय होणार आहे? नखं काप आधी.” तेवढ्यानं निम्मा प्रश्न सुटला. मला त्या बाईचा फार लळा लागला होता.

नाना गेले, मग वर्षभरात आईचं हे निघालं. धाकटा भाऊ सुरतेला कापड मिलमध्ये, त्याच्या दोन खोल्यांत चार माणसं. आई सुरतेला जाईना. मग मीच जळगावची नोकरी सोडली, आईला साक्रीहून धुळ्याला आणलं आणि एका कृषी विद्यालयात तासावर प्रॅक्टिकल घ्यायला लागले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पोरं चांगली होती, पण सूक्ष्मदर्शक एकच, आणि त्यातही बहुतेक वेळा पोरांना स्वतःच्याच पापण्या दिसायच्या.

“अगं, मी स्वतःची लॅब काढतेय,” मॅडम फोनवर म्हणाल्या. “रावेरकडचे दोन केळीवाले पार्टनर आहेत. इमारत झाली, मशीनरी येतेय. लॅब इन्चार्ज म्हणून तू हवीस. दुसरं नाव मी मनातही आणलेलं नाही.”

मी बाकावरून उठून उभीच राहिले. काय वाटलं ते सांगते, लाज कसली. आठ वर्षं मी ज्या खुर्चीकडे बघत काम केलं ती खुर्ची कुणीतरी माझ्यासाठी ओढून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की आत आई मशीनला लावलेली आहे हे मी पूर्ण एक मिनिट विसरले. त्या एका मिनिटाची टोचणी मला नंतर कितीतरी दिवस होती.

“मेलवर पत्र पाठवते,” मॅडम म्हणाल्या. “आठ दिवस घे. मग पक्कं सांग.”

पत्र आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. आणि पहिल्यांदा वाचतानाच मला माहीत होतं की हे होणार नाही. नव्या लॅबचं पहिलं वर्ष म्हणजे तान्हं बाळ. निवडक कंदांपासून मूळ साठा उभा करायचा, रोज प्रत्येक फळीवरच्या बाटल्या डोळ्यांखालून घालायच्या, एसी बंद पडला की हातातलं टाकून धावायचं. इन्चार्जला तिथं रोज, दिवसभर असावंच लागतं. माझे तीन दिवस आईचे. तिला जळगावला नेऊन तिथल्या दवाखान्यात लावलं असतं तरी दिवस तीनच उरले असते. गाव बदलून आठवडा मोठा होत नाही.

तेव्हाच, त्याच दिवशी फोन करून हे सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण आईचं कारण पुढे करायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, आपल्या म्हाताऱ्या आईला अडचण म्हणून कुणासमोर कशी मांडायची? आणि मॅडमना थेट नाही म्हटलं तर ते दार कायमचं बंद होईल, ही भीती होतीच. मला ती नोकरी नको नव्हती हो. आत्ता नको होती. कधीतरी हवी होती.

पाच दिवस गप्प बसले. सहाव्या दिवशी नानांची लेक जागी झाली आणि मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं : ‘मॅडम, धुळ्याहून येणं-जाणं फार लांब पडतंय.’ म्हणजे पत्रिका जुळत नाही. आता त्या ‘असो’ म्हणतील असं मला वाटलं.

दहा मिनिटांत फोन. “एवढंच ना? लॅबच्या मागे दोन खोल्या आहेत. रंग देऊन घेते. आईलाही घेऊन ये, मोकळी हवा आहे.”

मी “बरं, बघते” म्हणाले. आणखी काय म्हणणार?

संध्याकाळी सुरतेला भावाला फोन केला. तो कापडाच्या व्यापाऱ्यांत राहून हुशार झालेला. म्हणाला, “ताई, तू पगार वाढवून माग. असा माग की त्यांनाच परवडणार नाही. ते आपोआप नाही म्हणतील. तुझ्याकडे वाईटपणा येत नाही.” मला ते पटलं. आज स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तेव्हा पटलं. मी मॅडमना एक आकडा लिहून पाठवला. आकडा असा होता की धाडकन पाठवल्यावर मी फोन उशीखाली ठेवून दिला.

तीन दिवस काही उत्तर नाही. मला हायसं वाटायला लागलं. चौथ्या दिवशी, सोमवारी, आईला मशीनवर लावून मी बाहेर येते तोच मॅडमचा फोन.

“झालं गं तुझं काम,” त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. “पार्टनर तयार नव्हते. म्हणाले, एवढ्यात दोन माणसं येतील. मी म्हटलं, वरची रक्कम माझ्या वाट्यातून धरा, पण मला हीच पाहिजे. आता लवकर ये बाई, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.”

मी परत बाकावर बसले. मी माझा वाईटपणा वाचवायला एक खोटी मागणी केली, आणि त्या बाईनं ती आपल्या पदरातून भरली. आता मी नाही म्हटलं असतं तर दोन पार्टनरांसमोर त्या तोंडघशी पडल्या असत्या. ज्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून मी खोटं बोलत होते, त्यालाच मी भर बाजारात उभं केलं होतं.

मंगळवारी विद्यालयात रजा टाकली आणि सकाळची जळगावची एसटी धरली. आईला सांगितलं, प्रॅक्टिकलचं सामान आणायला जातेय. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, आणि एकही धड जुळत नव्हतं.

लॅब शहराबाहेर होती. ओल्या प्लास्टरचा वास, भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या फळ्या, खोक्यांतून डोकावणाऱ्या रिकाम्या बाटल्या. मॅडम डोक्याला रुमाल बांधून वायरमनशी वाद घालत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्यांनी मला हाताला धरून सगळं दाखवलं. ही मीडिया रूम, इथं बाटल्यांतलं खाद्य बनणार, इथं वाफेची टाकी, ही वाढीची खोली. आणि एक छोटी काचेची केबिन. “इथून तुला सगळ्या मुली काम करताना दिसतील,” त्या म्हणाल्या.

मी केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही. दारातच म्हटलं, “मॅडम, मी येऊ शकत नाही.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं ओकले. अंतराचं खोटं, पगाराचं खोटं, भावाचा सल्ला. आणि शेवटी आईचं, तीन दिवसांचं.

त्या एका खोक्यावर बसल्या. वायरमन ड्रिल मारत होता. मग एकदम भडकल्या. “हे पहिल्या दिवशी सांगायला तुझं काय तोंड शिवलं होतं? मी काय मुलगी बघायला आले होते तुझ्याकडे, की तू अशी आडून आडून नकार द्यावास? अगं, मी दोन आठवडे थांबले. दुसरं कुणी बघितलं नाही. त्या दोघांशी भांडले.”

“चुकलं मॅडम.”

“चुकलं म्हणून मला इन्चार्ज मिळत नाही.”

हे खरंच होतं. मी रडायला लागले. या वेळी त्यांनी नखं कापायला सांगितलं नाही. बाटलीतलं पाणी पुढे केलं. थोड्या वेळानं उठल्या, रुमाल सोडून परत बांधला आणि म्हणाल्या, “आई किती वर्षांच्या?”

“अडुसष्ट.”

“माझी बासष्टाव्या वर्षी गेली. मी तेव्हा बंगळूरला ट्रेनिंगला होते. ट्रेनिंग महत्त्वाचं होतं.” एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला. मग कामाचा आवाज लावला, जो मला आठ वर्षं ओळखीचा होता. “आता नीट ऐक. नाही म्हणायचं तर ते लेखी दे, आजच दे. पार्टनरांना दाखवायला मला कागद पाहिजे. त्यात पगाराचा ‘प’ काढू नकोस. पगार पटला नाही असं एकदा कागदावर आलं की ते तुला पुढे कधी विचारणार नाहीत. कारण एकच लिही, खरं. दहा कारणं लिहिली की दहाही खोटी वाटतात. आणि मला अशी अर्ध्यावर सोडून जाऊ नकोस. माणूस सुचव.”

माणूस माझ्या मनात होतं. आमच्या जुन्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बोदवडची मुलगी. हात एकदम स्वच्छ, बोलणं कमी, रोज रेल्वेनं यायची आणि एक दिवस उशीर नाही. मी मॅडमच्या समोरच तिला फोन लावला, तिची तयारी आहे का विचारलं, मगच तिचा नंबर दिला. मग आणखी एक गोष्ट मी स्वतःहून म्हटली. पहिले सहा महिने खाद्याची मापं, फळ्यांची मांडणी, नासलेल्या बाटल्यांची छाननी, जे फोनवर जमेल ते मी करीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी तशीही चार तास बाकावर बसलेली असते.

“त्याचे पैसे घेणार?” मॅडम म्हणाल्या.

“नाही.”

“घ्यायचे. फुकटचं नातं फार दिवस टिकत नाही.”

तिथंच एका खोक्यावर फोन ठेवून मी पत्र लिहिलं. आजही ते माझ्या मेलमध्ये आहे. ‘आपण इन्चार्ज पदासाठी माझा विचार केलात, त्यासाठी पार्टनरांशी बोललात, याबद्दल मनापासून आभारी आहे. माझ्या आईला आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस असतं आणि घरी तिच्याजवळ दुसरं कुणी नाही, त्यामुळे सध्या मी ही जबाबदारी स्वीकारू शकत नाही. कळवायला उशीर केला, त्याबद्दल क्षमा मागते. कामाची गरज पडेल तिथं मदत करीन. पुढे परिस्थिती बदलली आणि आपल्याकडे योग्य जागा असली, तर मी स्वतःहून आपल्याला विचारीन.’ मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “हे पहिल्याच दिवशी आलं असतं तर मी तुला दोन शिव्या कमी दिल्या असत्या.”

परतीच्या एसटीत मी ते पत्र पुन्हा वाचलं आणि ‘पुढे परिस्थिती बदलली’ याच्यावर माझी नजर अडली. परिस्थिती बदलणार म्हणजे काय होणार होतं? आईच्या किडन्या काही परत येणार नव्हत्या. परिस्थिती एकाच रीतीनं बदलणार होती, आणि ते मी माझ्या हातानं लिहून दिलं होतं. एरंडोलला खाली उतरून मी चूळ भरली.

पुढे कामाचं मात्र ठरल्याप्रमाणे झालं. बोदवडची मुलगी रुजू झाली. मी बाकावर बसले की तिचे फोटो यायचे. तळाशी दुधट ढग दिसतोय, ताई, काय असेल? जेलीत पसरलंय की कोंबाभोवती आहे, मी विचारायची. कोंबाभोवती असलं तर रोग कंदातूनच आलाय, पसरलेलं असलं तर हात नाहीतर हवा. कधी मी आत जाऊन आईच्या शेजारी बसायची. तिच्या एका हातात सुया, दुसरा मोकळा. त्या हातानं ती माझा फोन ओढून घ्यायची आणि हिरव्या कोंबांचे फोटो मोठे करून बघायची. “बठ्ठा एकसारखाच शेतस,” सगळे एकसारखेच आहेत, असं तिच्या अहिराणीत म्हणायची. “देवले पन असं जमत नही.”

मी तिला सांगितलं होतं की जुन्या लॅबचं काम येतं म्हणून. नोकरी आली होती आणि मी नाकारली, हे सांगितलंच नव्हतं.

ते कळलं मॅडममुळे. साक्रीकडे एका शेतकऱ्याचा प्लॉट बघायला गेल्या होत्या, परत जाताना आमच्या घरी आल्या. केळीचे वेफर्स आणले होते, जे आईला खायला बंदी. आई खुश. नेमकी ती बैठकीत बसण्याइतपत होती त्या दिवशी. मी चहा टाकायला आत गेले, आणि बाहेर मॅडम सहज बोलून गेल्या असणार, कारण मी कप घेऊन आले तेव्हा आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मॅडमना म्हणाली, “तुमना नंबर द्या ना माले. येळप्रसंगले लागस.” मॅडमनी तिच्या छोट्या फोनमध्ये नंबर टाकून दिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मॅडम गेल्यावर आईनं विचारलं, “मनं नाव सांगं का तू?”

“कसलं नाव?”

“नाही म्हनताना. मनं नाव सांगं?”

मी म्हटलं, तुझं नाव कशाला सांगू गं, पगार कमी होता. किती सहज खोटं बोलले मी! तिनं मान वळवली. मला वाढून दे म्हणाली, जेवली, औषधं घेतली, पण दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मशीनवर लावताना म्हणाली, “मी काय आंधळी शे का?” बस्. त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही, आणि मीही नाही. आम्ही दोघी त्याच्यावर घोंगडी टाकून बसलो.

दीड वर्ष गेलं. आई एका बुधवारी, भर दुपारी, मशीनवरच गेली. रक्तदाब घसरला, त्यांनी मशीन थांबवलं, डोकं खाली घेतलं, धावपळ केली. मी काचेतून बघत होते. हातातल्या फोनवर बोदवडच्या मुलीचा एक फोटो उघडा होता, त्याचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

दारावर माणसं आली. आमच्याकडे दुखवट्याला येतात त्याला दारावर येणं म्हणतात. प्रत्येक बाई मला कवटाळून रडायची आणि मग कानाशी तेच सांगायची : “सुटली बिचारी. आता तूही मोकळी झालीस.” मावशीनं तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी ओरडले, “कुणी सांगितलं मला मोकळं व्हायचं होतं?” भावानं मला आत नेलं. पण ओरडले ते मावशीवर नाही. माझ्या मेलमधल्या त्या पत्रातही तेच लिहिलेलं होतं, फक्त शुद्ध भाषेत.

मॅडम आठव्या दिवशी आल्या. तासभर बसल्या, भावाशी बोलल्या, मला जवळ घेतलं. कामाचा एक शब्द नाही. निघताना आईच्या फोटोसमोर मात्र जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

पत्रात मी लिहिलं होतं की परिस्थिती बदलली तर मी स्वतःहून विचारीन. महिना झाला, दोन झाले, तरी मी विचारलं नाही. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. काय बोलणार होते? आई गेली, आता जागा आहे का? ते वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे तिच्या मरणाची वाटच बघत होते असं कबूल करण्यासारखं होतं. बोदवडच्या मुलीला उत्तरं देत राहिले, तेवढंच. बाकावर बसायची गरज संपली होती, तरी सोमवारी सकाळी सहाला जाग यायची, आणि मग करायला काही नसायचं.

अखेर मॅडमनीच बोलावलं. “दुसरी वाढीची खोली सुरू करतेय. रोपं बाहेरच्या हवेला सरावायची शेडही मोठी होतेय. ती मुलगी आहे तिथं राहील, छान करतेय. मला गुणवत्ता बघायला वेगळं माणूस पाहिजे. ये, समोर बसून बोलू. आणि या वेळी खरं बोल.”

मी गेले. आता लॅब पांढरी शुभ्र होती, काचेपलीकडे मुली टोप्या घालून रांगेत बसल्या होत्या. मॅडमनी कामाचं सगळं सांगितलं. मी ऐकलं आणि म्हटलं, “मॅडम, खरं सांगायचं तर मला विचारायची लाज वाटत होती. तुम्ही बोलावलं नसतं तर मी आले नसते. दीड-दोन वर्षं तुम्ही माझी आठवण ठेवलीत.”

त्यांनी चष्मा काढला. “मी कसली ठेवतेय. मला तुझ्या आईनं विसरू दिलं नाही.”

मला कळेना.

“तुमच्याकडे येऊन गेले ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात पहिला फोन. ‘मॅडम, जागा भरी टाकी का?’ मी म्हटलं, हो, भरली. तर म्हणाल्या, मग दुसरी कवय निघी? कधी ते मला तरी कुठं माहीत होतं! त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी असायचा फोन. तू विद्यालयात गेलीस की करायच्या. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “मी एकदा म्हटलं, आक्का, तुम्ही बऱ्या व्हा, मग दोघी या. तर हसल्या. म्हणाल्या, मी शे तवलग ती येवाव नही, मी आहे तोवर ती यायची नाही. तुम्ही फक्त तिले इसरू नका. मना काय, आते कितला दिन.”

दिवाळीच्या शुभेच्छा, बाटल्यांचे फोटो, वेळेवर दिलेली उत्तरं. मला वाटत होतं मी नातं राखलंय. आणि माझ्या मागे, एका हातात सुयांची भोकं घेऊन, आई स्वतःच्या मरणानंतरची बोलणी करत होती. मी लिहिलेलं ‘पुढे’ म्हणजे काय, हे तिला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

“शेवटचा फोन कधीचा?” मी विचारलं.

“जायच्या आधी चारेक दिवस. मी म्हटलं, नवी खोली होतेय, पावसाळ्यानंतर माणूस लागेल. तर म्हणाल्या, ‘तठे दुपारले गरम जेवन भेटी का? ती थंडं खात नही, उपाशी राही जास.’ मी म्हटलं, मुलींसाठी इथं स्वयंपाक होतो. मग म्हणाल्या, बरं व्हयनं.”

मॅडमनी चष्मा परत घातला. मग हळूच विचारलं, “काय सांगू पार्टनरांना?”

मला आईचा इतका राग आला होता की ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवलं असतं. “येते म्हणून सांगा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले.